कूलर दिवसाला किती पाणी पितो? फ्लो सेन्सर लावून मोजल्याचा अनुभव

आमच्या बिल्डिंगला पाण्याचं मीटर एकच आहे. गच्चीवरच्या सामाईक टाकीतून सगळ्या फ्लॅटना पाणी उतरतं आणि महापालिकेचं बिल आलं की ते फ्लॅटप्रमाणे वाटून घेतात. नागपुरात एप्रिल ते जून हे बिल फुगतं आणि दरवर्षी बोट कूलरवाल्यांकडे जातं. ९ मार्चच्या सोसायटीच्या बैठकीत ठरलं की ज्यांच्याकडे कूलर आहे त्यांनी उन्हाळ्याचे तीन महिने दरमहा दीडशे रुपये जास्त द्यायचे. हा आकडा कशावरून काढला, असं मी विचारलं तेव्हा सेक्रेटरी काका म्हणाले, "अंदाजाने ठरवला जी, मोजणार कोण?" काकांचं म्हणणं बरोबर होतं. कोणाकडेच आकडा नव्हता. मी म्हटलं, मी मोजते.

मला आर्डुइनोवर थोडंफार काम येतं. बाकी नोकरी हिशेब विभागातली. नेटवर शोधलं की पाण्याच्या सेन्सरचा प्रोग्राम दोन मिनिटांत सापडतो. तो चालूही होतो, पडद्यावर लिटर दिसायला लागतात. पण ते लिटर खरे आहेत का, हे कसं तपासायचं याबद्दल फारसं कुठे सापडलं नाही. म्हणून झालं तसं, तारखांसकट लिहिते आहे.

सेन्सर घेतला तो अर्ध्या इंची, काळ्या प्लॅस्टिकचा. शोधताना `YF-S201` असं टाइप करा. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २८० रुपयांना मिळाला. आत एक पंख्यासारखं चाक असतं, चाकात लोहचुंबक आणि बाहेरच्या बाजूला, पाण्यापासून वेगळा, हॉल सेन्सर. पाणी वाहिलं की चाक फिरतं, चुंबक समोरून गेला की पिवळ्या वायरवर एक पल्स येते. लाल वायर पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला. माहितीपत्रकात सूत्र दिलेलं असतं, `f = 7.5 × Q`. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला साडेसात पल्स, म्हणजेच एका लिटरला ४५० पल्स. त्याच पत्रकात दोन गोष्टी बारीक अक्षरात असतात, त्या आधी वाचा. अचूकता अधिक-उणे दहा टक्के आणि प्रवाहाची मर्यादा मिनिटाला १ ते ३० लिटर. यातला एक लिटरवाला आकडाच पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

आर्डुइनो ऊनोचा क्लोन ४५० ला, डिस्प्ले २२० ला, अडॅप्टर १५० ला. ऊनो घेण्याचं कारण हे की तो पाच व्होल्टवर चालतो आणि सेन्सरही पाच व्होल्टची पल्स देतो, मध्ये काही लागत नाही. ईएसपी३२ वापरणार असाल तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. पिवळी वायर थेट जोडू नका, दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणा.

सामान हातात आलं तरी पाइप कापायचा तर परवानगी हवी. टाकी सामाईक, वरचा व्हॉल्व्ह बंद केला की सगळ्यांचं पाणी जातं. ११ मार्चला सेक्रेटरी काकांकडे अर्ज दिला. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: काम महापालिकेच्या मीटरला किंवा त्याच्या आधीच्या लाइनला हात न लावता फक्त माझ्या बाल्कनीतल्या कूलरच्या नळावर होईल, गच्चीचा व्हॉल्व्ह एक तास बंद राहील, त्याची सूचना आदल्या दिवशी फलकावर लागेल, गळती झाली तर दुरुस्ती माझ्या खर्चाने. काकांनी अर्ज ठेवून घेतला आणि वरच्या मजल्यांची संमती आणायला सांगितलं. एक कुटुंब लग्नाला अमरावतीला गेलं होतं, त्यांची सही मिळेपर्यंत आठवडा गेला. २२ मार्चला शिक्का बसला. तुम्हीही अशा इमारतीत राहत असाल तर सामान आणायच्या आधी अर्ज द्या, कारण वेळ सगळा इथेच जातो.

त्या मधल्या दिवसांत मी टेबलावर प्रोग्राम नीट करून घेतला. सेन्सरच्या तोंडात हळूच फुंकर मारली की चाक फिरतं आणि पल्स येतात, त्यामुळे पाण्याशिवाय बरंच तपासता येतं.

पल्स मोजायचा सरळ मार्ग म्हणजे `loop()` मध्ये पिन पुन्हा पुन्हा वाचत राहणं. तो का चालत नाही हे समजून घेतलं की इंटरप्ट कशासाठी हे आपोआप कळतं. नळ पूर्ण सोडला तर माझ्या लाइनला मिनिटाला साधारण नऊ लिटर पाणी येतं. त्यावेळी सेकंदाला चौसष्टच्या आसपास पल्स येतात, म्हणजे एक पल्स जवळपास पंधरा मिलिसेकंदांची. प्रोग्राम डिस्प्लेवर दोन ओळी लिहीत असेल किंवा `delay(1000)` मध्ये थांबला असेल, तर तेवढ्या वेळात आलेल्या पल्स कोणी पाहतच नाही. त्या मोजणीतून गळतात आणि गळल्याचा कुठेही पत्ता लागत नाही, आकडा फक्त कमी दिसतो. इंटरप्टमध्ये पिनवरचा बदल प्रोसेसर स्वतः टिपतो, हातातलं काम थांबवून एक छोटं फंक्शन चालवतो आणि परत कामाला लागतो. ऊनोवर असे बाह्य इंटरप्ट फक्त २ आणि ३ या पिनांवर मिळतात.

```cpp
const byte FLOW_PIN = 2;
volatile unsigned long pulses = 0;
volatile unsigned long lastUs = 0;

void onPulse() {
  unsigned long now = micros();
  if (now - lastUs > 2000) {
    pulses++;
    lastUs = now;
  }
}

void setup() {
  Serial.begin(9600);
  pinMode(FLOW_PIN, INPUT_PULLUP);
  attachInterrupt(digitalPinToInterrupt(FLOW_PIN),
                  onPulse, FALLING);
}

void loop() {
  noInterrupts();
  unsigned long p = pulses;
  interrupts();
  Serial.println(p);
  delay(1000);
}
```

यातल्या तीन जागा नीट पाहा. `volatile` लिहिलं नाही तर कंपायलर समजतो की `loop()` मध्ये `pulses` कोणी बदलतच नाही, आणि जुनीच किंमत वापरत राहू शकतो. `noInterrupts()` ची जोडी यासाठी, की ऊनोचा प्रोसेसर आठ बिटांचा आहे आणि `unsigned long` चार बाइटांचा. तो आकडा चार तुकड्यांत वाचला जातो. दोन तुकडे वाचून झाले आणि नेमकी तेव्हाच पल्स आली तर अर्धा जुना, अर्धा नवा असा भलताच आकडा हाती येतो. हे क्वचित घडतं, त्यामुळे सापडायला फार अवघड जातं. म्हणून वाचण्यापुरते इंटरप्ट थांबवायचे, प्रत काढायची, लगेच सुरू करायचे. थांबलेले असताना एक पल्स आली तर प्रोसेसर ती लक्षात ठेवतो. दोन आल्या तर दुसरी जाते. त्यामुळे या दोन ओळींच्या मध्ये छपाई वगैरे काही घालू नका. आणि `2000` चा अर्थ असा, की आधीच्या पल्सनंतर दोन मिलिसेकंदांच्या आत आलेली पल्स मोजायची नाही. हा सेन्सर अगदी ३० लिटरच्या कमाल प्रवाहालाही सेकंदाला २२५ पल्स देतो, म्हणजे दोन पल्समध्ये चार मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं. त्याहून खूप जवळ आलेली पल्स पाण्याची असू शकत नाही.

पुढे एकूण आकडा वीज गेल्यावरही राहावा म्हणून तो ईईप्रॉममध्ये ठेवला. तिथे प्रत्येक जागा सुमारे एक लाख वेळा लिहिता येते असं प्रोसेसरच्या माहितीपत्रकात दिलं आहे. प्रत्येक पल्सला लिहिलं असतं तर माझ्या वापराने चारेक दिवसांतच ती मर्यादा गाठली असती. प्रवाह थांबल्यावर दहा सेकंदांनी एकदाच लिहायचं असं ठेवलं, मग काळजी नाही.

३० मार्चला प्लंबर भाऊ आले. त्यांनी सेन्सर हातात घेऊन उलटापालटा पाहिला आणि पहिली गोष्ट बरोबर सांगितली, "मॅडम, हा बाण पाण्याच्या दिशेनंच ठेवा लागते. अन् प्लॅस्टिकचे आटे आहेत, पाना नका लावू, हातानंच कसा." टेफ्लॉन टेप गुंडाळून हाताने आवळलं, गळती नाही. मी त्यांना सेन्सरच्या आधी एक वीतभर सरळ पाइप ठेवायला सांगितला होता. एल्बोतून वळून आलेलं पाणी भोवरा खात चाकावर येतं आणि मोजणी बदलते. सेन्सरच्या आधी बारीक जाळीही बसवली, कारण गच्चीच्या टाकीत तळाला गाळ असतोच. क्रम असा झाला: कॉक, जाळी, सरळ पाइप, सेन्सर, पुन्हा थोडा सरळ पाइप, मग कूलरची नळी. मजुरी ५००, फिटिंगचे ३४०.

सेन्सर बाल्कनीत, आर्डुइनो आतल्या खोलीत. मध्ये सहा मीटर वायर, आणि भिंतीतून आत यायला एकच भोक, ज्यातून कूलरची विजेची केबलही येते. त्या संध्याकाळी कॉक पूर्ण बंद होता, पाण्याचा थेंब वाहत नव्हता, तरी कूलरचं बटण बंद केलं की आकडा एकदम दहा, कधी चाळीस पल्सने उडी मारायचा. खोट्या पल्स ओळखायची खूण इथे छान दिसली. खरं पाणी सुरू झालं की पल्सचा वेग काही क्षणांत चढतो आणि टिकून राहतो. इथे एका सेकंदात चाळीस आणि पुढच्या सेकंदाला शून्य. मोटर बंद होताना उठणारा विजेचा धक्का शेजारच्या वायरमध्ये शिरत होता. दोन मिलिसेकंदांच्या अटीने त्यातले बरेच गाळले, पण असा धक्का त्याहून जास्त वेळ चालतो, म्हणून काही उरायचेच.

उपाय वायरवरच करावा लागला. जाळीचं आवरण असलेली तीन तारांची वायर आणली, सहा मीटरचे दीडशे रुपये, आणि आवरण फक्त आर्डुइनोच्या बाजूला ग्राउंडला जोडलं. पिवळ्या तारेवर पाच व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पिनच्या आधी एक किलोओहम आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे सगळं दहा रुपयांत होतं. मग कॉक बंद ठेवून कूलरचं बटण पुन्हा पुन्हा चालू-बंद केलं, आकडा हलला नाही. ही बंद कॉकची चाचणी झाल्याशिवाय कॅलिब्रेशनला हात घालू नका, नाहीतर विजेच्या पल्सही पाण्याच्या हिशेबात धराल.

आता खरं काम. ५ एप्रिलच्या सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दुकान उघडायच्या आधी तासाभरासाठी इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. तीस किलोचा, पाच ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा. दुकानाचा काटा मुद्दाम घेतला, कारण त्यावर वैधमापन विभागाच्या तपासणीचा शिक्का असतो. बादलीवरच्या लिटरच्या खुणांवर विसंबू नका. माझ्या बादलीची १५ ची खूण वजन केल्यावर साडेपंधराच्या जवळ निघाली.

पद्धत साधी आहे. रिकामी बादली काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा, पल्सचा आकडा शून्य करायचा, कॉक एकदम पूर्ण उघडायचा, बादली भरत आली की एकदम बंद करायचा. मग वजन आणि पल्स लिहून घ्यायच्या. आधी थोडं पाणी सोडून नळीतली हवा काढून टाकायची, कारण हवेनेही चाक फिरतं. एक लिटरच्या भांड्याने हे करू नये. कॉक उघडताना आणि बंद करताना चाक कमी वेगाने फिरतं, त्या क्षणांचा वाटा लहान मापात मोठा होतो, पंधरा लिटरमध्ये नगण्य.

पहिल्या बादलीत १४.९४ किलो पाणी आलं आणि ६,४३५ पल्स. आता किलोचे लिटर करायचे. एक लिटर म्हणजे एक किलो हे गार पाण्याचं गणित झालं. त्या सकाळी टाकीचं पाणी ३० अंशांवर होतं आणि त्या तापमानाला लिटरचं वजन ०.९९५७ किलो भरतं. म्हणून १४.९४ भागिले ०.९९५७, म्हणजे १५.०० लिटर. सूत्र एवढंच:

```
K = pulses / litres
K = 6435 / 15.00 = 429
```

पुढच्या बादल्यांनाही ४२८.६ आणि ४२९.१ आलं, म्हणून ४२९ पक्कं केलं. पत्रकातले ४५० धरून चालले असते तर खऱ्या १५ लिटरला १४.३ दिसले असते. तापमानाचा फरक सकाळी अर्धा टक्कासुद्धा नाही, पण मे महिन्यात दुपारी गच्चीवरची टाकी ४२ अंशांवर जाते, तेव्हा तो जवळपास एक टक्का होतो. म्हणून हे काम सकाळी करावं.

इथे बरेच लोक थांबतात. मी कॉक अर्धवट उघडून पुन्हा बादली भरली, कारण कूलरच्या टपातला फ्लोट व्हॉल्व्ह पाणी पूर्ण सोडत नाही हे मला दिसत होतं. मिनिटाला तीन लिटरच्या प्रवाहाला ४११ आलं. दीड लिटरला ३६२. पाऊण लिटरच्या आसपास २४०, आणि तेही प्रत्येक वेळी वेगळं. अर्ध्या लिटरच्या खाली चाक थांबूनच गेलं. बादलीत पाण्याची बारीक धार पडते आहे आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलत नाही. कारण समजायला सोपं आहे. चाक आणि भिंत यांच्यात फट असते, चाकाच्या आसाला घर्षण असतं. प्रवाह जोरात असला की पाणी पात्यांना ढकलतं. हळू झाला की ते पात्यांच्या बाजूने निसटून जातं. म्हणजे लिटरला इतक्या पल्स हा आकडा सेन्सरचा कायमचा गुण नसतो, तो त्या प्रवाहापुरता असतो.

याचा कूलरवर काय परिणाम होतो ते १० एप्रिलला अगदी स्पष्ट दिसलं. दुपारी चार तास कूलर चालवला, कॉक उघडा आणि फ्लोट नेहमीसारखा. चार तासांत ४७० पल्स, म्हणजे हिशेबाने १.१ लिटर. चार तास वाळ्याच्या पडद्यातून वारा फेकणारा कूलर सव्वा लिटरही पीत नाही, हे कोणाला पटणार? दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कॉक बंद ठेवला. टपात पाण्याच्या पातळीला चिकटपट्टीची खूण केली, चार तास कूलर चालवला, मग कूलर आणि त्याचा पंप बंद करून दहा मिनिटं थांबले, म्हणजे वाळ्यात साठलेलं पाणी टपात उतरतं. मग कॉक पूर्ण उघडून खुणेपर्यंत भरलं. १०,३४० पल्स. भागिले ४२९, म्हणजे २४.१ लिटर.

तासाला सहा लिटर. म्हणजे मिनिटाला शंभर मिलिलिटर. फ्लोट व्हॉल्व्ह जेवढं पाणी उडतं तेवढंच थेंबाथेंबाने आत सोडत राहतो, आणि ती धार या सेन्सरच्या किमान मर्यादेच्या दहाव्या हिश्शाएवढी. सेन्सर चांगला, प्रोग्राम चांगला, कॅलिब्रेशन चांगलं, आणि तरी २४ लिटरमधले २३ गायब.

वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काकू, प्रोग्राममध्येच करेक्शन टाकून द्या ना. वेग कमी असला की वेगळा के." दीड-तीन लिटरच्या पट्ट्यात ते चाललं असतं. पण जी पल्स आलीच नाही तिला कशानेही गुणलं तरी शून्यच. म्हणून मी प्रोग्रामऐवजी पाणी भरायची पद्धत बदलली. फ्लोट खुणेच्या बराच वर बांधला, म्हणजे तो फक्त टप ओसंडू नये यासाठी राहिला. कॉक एरवी बंद. सकाळी आणि संध्याकाळी तो पूर्ण उघडायचा, खुणेपर्यंत भरायचं, बंद करायचा. सासूबाईंनी हे काम स्वतःहून घेतलं आणि एकदाही चुकवलं नाही. टप सत्तर लिटरचा असल्याने दोनदा भरणं पुरतं. ज्यांना हाताने नको, त्यांना पातळी खाली गेली की पूर्ण उघडणारा आणि वर आली की पूर्ण बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावता येईल. तत्त्व तेच, पाणी एकतर जोरात वाहावं किंवा अजिबात वाहू नये. मात्र स्वस्त सोलेनॉइडना उघडायला थोडा दाब लागतो. टाकी आणि तुमचा मजला यांत उंचीचं अंतर कमी असेल तर आधी ते पाहा.

एक शंका राहिली होती. सकाळी सगळे फ्लॅट पाणी वापरत असताना माझ्याकडे प्रवाह कमी होतो, तेव्हा ४२९ चालेल का? सकाळी साडेसातला बादली भरून पाहिली. प्रवाह साडेपाच लिटर, आकडा ४२३. दीड टक्क्याच्या आतला फरक. तेवढा मी सोडून दिला.

१२ एप्रिलपासून रोजचा हिशेब वहीत धरला. महिनाअखेरपर्यंत सरासरी ५४ लिटर रोज आली. मे महिन्याची बेरीज १,८८८ लिटर. नवतपा लागल्यावर रोजचा आकडा सत्तरच्या वर गेला, कारण कूलर रात्रीही बंद होत नव्हता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावल्यावर तोच कूलर, तेवढेच तास, पण २२ लिटर. हवा दमट झाली की पाणी फारसं उडत नाही, आणि म्हणूनच तेव्हा कूलर फारसं गारही करत नाही.

२२ जूनच्या बैठकीत वही आणि एक पानाचा तक्ता घेऊन गेले. पाण्याच्या बिलात एक युनिट म्हणजे हजार लिटर, म्हणजे माझा कूलर ऐन मे महिन्यात दोन युनिटांपेक्षा कमी प्याला. बिल्डिंगमध्ये सहा कूलर आहेत. सगळे सारखे नाहीत, पण सारखे धरले तर सव्वाअकरा युनिट होतात. फेब्रुवारीच्या तुलनेत मे महिन्याचं बिल तीस युनिटांनी वाढलेलं होतं. उरलेले अठरा-एकोणीस युनिट कुठे गेले, हा प्रश्न मग काकांनीच मांडला. कूलरची जादा रक्कम दीडशेवरून साठ रुपयांवर आली आणि ठरावात काकांनी माझ्या सांगण्यावरून एक वाक्य घातलं: हे मोजमाप आपसात वाटणीच्या अंदाजासाठी आहे, हे प्रमाणित मीटर नाही.

लगेच एकाने सुचवलं की असाच सेन्सर टाकीच्या लाइनवर लावून गळती शोधू. मी नको म्हटलं. गळती म्हणजे थेंबाथेंबाचं पाणी, आणि ते या सेन्सरला दिसत नाही, हे कूलरनेच दाखवलं होतं. त्यापेक्षा रात्री टाकी पूर्ण भरल्यावर महापालिकेच्या मीटरवरची लहान चकती पाहायची. कोणी पाणी वापरत नसताना ती फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये गळती आहे किंवा टाकीचा फ्लोट पाणी सोडतो आहे. आमच्याकडे ती फिरत होती. टाकीचा जुना फ्लोट पूर्ण बंद होत नव्हता आणि जास्तीचं पाणी गच्चीच्या पन्हळीतून मागच्या बाजूला जात होतं. नवा बसवला आहे.

५ जुलैला कूलर आवरून ठेवायच्या आधी पुन्हा तोच काटा आणला आणि पूर्ण कॉक उघडून बादली भरली. ४१५ आलं. तीन महिन्यांत सव्वातीन टक्क्यांची घसरण. सेन्सर काढून वरच्या झाकणाचे स्क्रू उघडले तर चाकाच्या आसाभोवती मऊ गाळ आणि पात्यांवर पांढरा थर. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून दातांच्या जुन्या ब्रशने साफ केलं, परत बसवून मोजलं, ४२७. पुढच्या वर्षी कूलरला नवीन वाळा लावतानाच हे सगळं करून घेणार आहे, आणि मे महिन्याच्या मध्यावर एक जादा बादलीही.

एकूण खर्च २,१०० रुपये झाला, अर्जाची झेरॉक्स सोडून. सेन्सरच्या पाइपवर मी मार्करने लिहून ठेवलं आहे: पूर्ण कॉक, ९ लि./मि., ४२७, ५ जुलै. तुम्ही कराल तेव्हा आकड्याशेजारी प्रवाह आणि तारीख दोन्ही लिहा.